एका कंटेनरचं भाडं कुणाच्या माथी?

मुंबईत मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची आणि हार्डवेअरची जुनी बाजारपेठ आहे. तिथल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याने चीनहून वीस फुटी कंटेनर मागवला, असं समजू. त्यात दोनच प्रकारचा माल आहे. ड्रिल बिटचे एक हजार संच, प्रत्येकी आठशे रुपये. आणि प्लास्टिकच्या एक हजार रिकाम्या टूलबॉक्स, प्रत्येकी दोनशे रुपये. माल एफओबी अटीवर घेतलेला आहे, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा, पुढचा सगळा आपला. डॉलरचे रुपये करून बिल झालं दहा लाखांचं. उदाहरणातले आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल धरले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे.

माल न्हावा शेव्याला उतरतो, कस्टममधून सुटतो आणि भिवंडीच्या गोदामात येतो. तोवर दहा लाखांवर आणखी बरंच काही चढलेलं असतं. जहाजाचं भाडं नव्वद हजार. विमा पाच हजार. सीमाशुल्क. शिवाय क्लिअरिंग एजंट, बंदराबाहेरचं कंटेनर यार्ड, डिलिव्हरी ऑर्डर आणि भिवंडीपर्यंतचा ट्रेलर असे सगळे मिळून पंचेचाळीस हजार. आता व्यापाऱ्याचा प्रश्न साधा आहे: एक टूलबॉक्स मला गोदामात केवढ्याला पडली? दोनशेला नक्कीच नाही. मग केवढ्याला?

परदेशातला माल आपल्या गोदामात विक्रीसाठी उभा राहीपर्यंत जो खर्च होतो, तो मालाच्या किमतीतच धरायचा असतो. आयातदार याला लँडेड कॉस्ट म्हणतात. हिशेबाची प्रमाणकंही हेच सांगतात. मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस २ आणि बाकीच्यांसाठी एएस २, दोन्हींत साठ्याच्या खरेदीखर्चात खरेदीची किंमत, परत न मिळणारे कर आणि शुल्कं, वाहतूक आणि हाताळणी यांचा समावेश आहे. एकूण बेरीज करणं अवघड नाही. डोकेदुखी आहे ती वाटणीची, कारण भाड्याचं बिल अख्ख्या कंटेनरचं येतं आणि साठा मात्र नगावर मोजला जातो.

ही वाटणी आता बहुतेक ठिकाणी ईआरपीमध्ये होते. खरेदी, गोदाम आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारी ही प्रणाली. खरेदीची ऑर्डर, गोदामात माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल अशी तिची साखळी असते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये या कामासाठी `Landed Cost Voucher` नावाचा कागद आहे. त्यात माल आल्याची पावती निवडायची, खाली खर्चाच्या रकमा लिहायच्या, आणि `Distribute Charges Based On` या रकान्यात वाटणी कशावर करायची ते सांगायचं. पर्याय तीन: `Qty`, `Amount` आणि `Distribute Manually`. नग, किंमत किंवा हाताने. व्हाउचर सबमिट केलं की प्रत्येक वस्तूचा साठ्यातला दर वाढतो आणि तो कायमचा तिच्या अंगाला चिकटतो.

घाईत असलेला माणूस `Amount` निवडतो. दिसायला ते न्याय्य वाटतं: महाग मालाने जास्त खर्च सोसावा. आपल्या कंटेनरमध्ये ड्रिल संच आठ लाखांचे आणि टूलबॉक्स दोन लाखांच्या, म्हणजे ऐंशी-वीस. नव्वद हजार भाड्यापैकी बहात्तर हजार ड्रिल संचांवर, अठरा हजार टूलबॉक्सवर. नगाला बहात्तर आणि अठरा रुपये.

आता कंटेनरचं दार उघडून आत बघा. ड्रिल संचांची चपटी खोकी एका कोपऱ्यात रचलेली आहेत. एक हजार संचांनी मिळून जेमतेम तीन घनमीटर जागा घेतली आहे. उरलेल्या चोवीस घनमीटरमध्ये फक्त टूलबॉक्स आहेत, म्हणजे प्लास्टिकच्या कवचात बंद केलेली हवा. जहाज कंपनीने भाडं घेतलं ते कंटेनरच्या पोटाचं, आणि पोट भरलं टूलबॉक्सनी. घर बदलताना टेम्पोत कपाटही जातं आणि दागिन्यांचा डबाही, पण टेम्पोचं भाडं सोन्याच्या भावाने वाटून डब्याच्या नावावर कुणी टाकत नाही.

जागेवर वाटणी केली तर चित्र उलटं होतं. सत्तावीस घनमीटरपैकी तीन ड्रिलचे, म्हणजे एक नवमांश. त्यांच्या वाट्याला दहा हजार, टूलबॉक्सच्या वाट्याला ऐंशी हजार. नगाला दहा रुपये आणि ऐंशी रुपये. दोनशे रुपयांच्या डब्यावर ऐंशी रुपयांचं भाडं! पुरवठादाराच्या बिलात यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याने आपला माल स्वस्तातच दिलेला असतो.

यातली कोणती वाटणी खरी, हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. पुढच्या वेळी व्यापाऱ्याने कंटेनरभर फक्त टूलबॉक्स मागवल्या तर? सत्तावीस घनमीटरमध्ये अकराशे पंचवीस बसतील. नव्वद हजार भागिले अकराशे पंचवीस, म्हणजे नगाला बरोबर ऐंशी रुपये. जागेवर केलेली वाटणी सोबतचा माल बदलला तरी डगमगत नाही. किमतीवर केलेली वाटणी अठरा रुपये सांगत होती, ते केवळ शेजारी महाग ड्रिल होते म्हणून.

अर्थात जागा हे काही सर्वत्र चालणारं उत्तर नव्हे. लोखंडी फिटिंग किंवा फरशा आणल्या तर कंटेनर निम्मा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. तिथे भाडं वजनावर वाटलं पाहिजे. पूर्ण कंटेनर न घेता दुसऱ्यांच्या मालासोबत थोडा माल पाठवला, तर भाडं एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. विमानाने आणल्यास दर सहा हजार घनसेंटिमीटर म्हणजे एक किलो असं आकारमानी वजन काढतात आणि खऱ्या वजनाशी ताडून जे मोठं त्यावर पैसे घेतात. ज्या मापाने वाहतूकदाराने बिल लावलं त्याच मापाने ते वाटावं, एवढं धरून चाललं की बहुतेक प्रसंगी चूक होत नाही. नगावर वाटणी तर क्वचितच जमते. आपल्या उदाहरणात ती दोघांवर पंचेचाळीस-पंचेचाळीस रुपये टाकेल. आणि एक माल नगात, दुसरा किलोत असला तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

विम्याचं तसं नाही. विमा कंपनी हप्ता घेते तो मालाच्या किमतीवर, तेव्हा पाच हजार रुपये किमतीवरच वाटायचे: ड्रिलला चार रुपये, डब्याला एक. यार्ड, ट्रेलर वगैरेंचे पंचेचाळीस हजार पुन्हा कंटेनरच्या हिशेबाचे, म्हणून जागेवर: ड्रिलला पाच, डब्याला चाळीस. एकाच कंटेनरच्या खर्चाला वेगवेगळी मापं लागतात आणि ईआरपीनेक्स्टचं व्हाउचर एका वेळी एकच माप घेतं. मग सरळ दोन-तीन वेगळी व्हाउचरं करावीत, त्याला आडकाठी नाही. विम्याचं `Amount` वर, भाड्याचं `Distribute Manually` वर. जागेवर वाटायचा पर्याय तिथे नसल्याने तो हिशेब आधी बाहेर करून प्रत्येक वस्तूची रक्कम `Applicable Charges` मध्ये भरावी लागते. बेरीज जुळली नाही तर व्हाउचर पुढे जात नाही, ही चांगली सोय आहे. ओडूसारख्या प्रणालीत `By Weight` आणि `By Volume` हे पर्याय तयार मिळतात. पण वस्तूच्या माहितीत वजन आणि आकारमान कुणीतरी नीट भरलेलं असलं तरच त्यांचा उपयोग, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी शून्य असतं.

सीमाशुल्काला मात्र कोणतंच माप लावायचं नाही, कारण ते आधीच वाटून आलेलं असतं. कस्टमकडे भरलेल्या बिल ऑफ एंट्रीत प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असते आणि प्रत्येकीचा शुल्कदर वेगळा. उदाहरणापुरता ड्रिलला दहा टक्के आणि डब्याला पंधरा टक्के धरू. शुल्क बसतं ते माल, भाडं आणि विमा मिळून झालेल्या किमतीवर, आणि त्यासाठी कस्टमच्या कागदात भाडं वस्तूंवर वाटलं जातं ते बिलाच्या किमतीप्रमाणे. इथे काही जणांचा गोंधळ होतो. आपण भाडं जागेवर वाटलं, तर शुल्कही त्यावरून पुन्हा मोजावं का? नाही. सरकारने ज्या ओळीवर जेवढं घेतलं तेवढा त्या ओळीचा खर्च. ड्रिलची कस्टमच्या लेखी किंमत आठ लाख शहात्तर हजार. त्यावर दहा टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून शहाण्णव हजार तीनशे साठ. डब्यांची किंमत दोन लाख एकोणीस हजार. तिच्यावर छत्तीस हजार एकशे पस्तीस. म्हणजे संचाला सुमारे शहाण्णव रुपये, डब्याला छत्तीस.

मग बेरीज करू. ड्रिल संच आठशेला घेतला, तो गोदामात पडला ९१५ रुपयांना. टूलबॉक्स दोनशेला घेतली, ती पडली ३५७ रुपयांना. भाडं आणि स्थानिक खर्च किमतीवर वाटले असते तर हेच आकडे १,००८ आणि २६४ आले असते. एकूण बेरीज दोन्हींत तीच. फक्त नगामागे त्र्याण्णव रुपये एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले.

बाजारात ड्रिल संचाला १,०५० मिळतात आणि डब्याला ३३०, असं समजा. किमतीवरची वाटणी मालकाला सांगते की डब्यात सहासष्ट रुपये सुटतात, ड्रिलमध्ये फक्त बेचाळीस. तो डबे वाढवतो. ग्राहकाने घासाघीस केली तर डब्यात वीस-तीस रुपये आनंदाने सोडतो. प्रत्यक्षात प्रत्येक डब्यामागे त्याचे सत्तावीस रुपये जात असतात आणि पैसे मिळवून देणारा ड्रिल संच यादीत 'कमी नफ्याचा' म्हणून मागे पडलेला असतो.

शुल्काच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. आयातीवर एकात्मिक जीएसटीही भरावा लागतो. तो अठरा टक्के धरला तर आपल्या कंटेनरवर तो होतो सुमारे दोन लाख एकवीस हजार. सीमाशुल्क आणि जीएसटी एकाच चलनाने भरले जातात, त्यामुळे बँकेच्या उताऱ्यात एकच रक्कम दिसते: तीन लाख त्रेपन्न हजार चारशे चव्वेचाळीस. हिशेब लिहिणाऱ्याने उतारा पाहून ती अख्खी रक्कम 'कस्टम ड्युटी' म्हणून व्हाउचरमध्ये टाकली की झालं! नोंदणीकृत व्यापाऱ्याला या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो साठ्याच्या किमतीत जाता कामा नये. इथे तो साठ्यातही जातो आणि क्रेडिट म्हणून परतही घेतला जातो. हे ओळखायचं कसं? व्हाउचरमधली शुल्काची रक्कम बिल ऑफ एंट्रीतल्या मूळ शुल्क अधिक अधिभार या बेरजेशी ताडून पाहायची, चलनाशी नव्हे. यार्ड आणि ट्रेलरच्या बिलांवर क्रेडिट मिळणारा जीएसटी असेल तर त्यालाही हाच नियम. ज्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणजे कंपोझिशन योजनेतला दुकानदार किंवा करमुक्त सेवा देणारं रुग्णालय, त्याच्यासाठी मात्र हा कर खराखुरा खर्च आहे आणि तो किमतीत धरावाच लागतो.

बिल ऑफ एंट्रीवरून आणखी एक गोष्ट उचलू नये: भाडं आणि विम्याचे तिथले आकडे. मूल्यांकनाच्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष आकडा उपलब्ध नसेल तर कस्टम एफओबी किमतीच्या वीस टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरून चालतं. हे केवळ शुल्क मोजण्यापुरतं. विमा काढलेलाच नसेल तर तो खर्च झालेलाच नाही. साठ्यात कुठून येणार? डॉलरच्या दराचंही तसंच. कस्टमचा दर त्यांनी जाहीर केलेला असतो, तुमच्या खातेवहीत व्यवहाराच्या दिवसाचा, आणि बँकेने पैसे पाठवले त्या दिवशीचा तिसराच. मालाची किंमत खातेवहीच्या दराने, शुल्क प्रत्यक्ष भरलं तेवढं, आणि पैसे चुकते करताना पडलेला फरक साधारणपणे सरळ नफा-तोट्यात. तो साठ्याला चिकटवायचा नाही.

यार्डात कंटेनर वेळेत न सोडवल्यामुळे लागलेला डॅमरेज किंवा जहाज कंपनीचा डिटेन्शन दंड हाही साठ्यात टाकायचा मोह होतो. कागद अडकला, आठ दिवस गेले, चाळीस हजार भरले. पण त्यामुळे डबा काही जास्त मोलाचा झाला नाही. असा अवाजवी खर्च त्या महिन्याच्या तोट्यात दाखवावा. नाहीतर तो साठ्यात लपून राहतो आणि कागदपत्रं कुणामुळे अडकली हे कुणी विचारत नाही.

आता वेळेचा घोळ. माल भिवंडीत पोचला त्या दिवशी पावती होते आणि डबे विकायला लागतात. यार्डाची आणि ट्रेलरची बिलं येतात तीन आठवड्यांनी. तोवर सहाशे डबे गेलेले असतात. डब्यांच्या वाट्याचे चाळीस हजार आता कुठे टाकायचे? खरा हिशेब असा: साठ टक्के, म्हणजे चोवीस हजार, विकलेल्या मालाच्या खर्चात; सोळा हजार उरलेल्या चारशे डब्यांवर. प्रणाली किंवा ती चालवणारा माणूस चुकला आणि सगळे चाळीस हजार चारशे डब्यांवर बसले, तर प्रत्येकावर चाळीसऐवजी शंभर रुपये चढतात. गोदामात एकाच वस्तूचा दर अचानक उसळलेला दिसला आणि त्या दिवशी नवी खरेदी झालेली नसेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

प्रत्येक प्रणाली हे आपापल्या रीतीने सोडवते. ईआरपीनेक्स्ट पावतीच्या तारखेपर्यंत मागे जाऊन तेव्हापासूनचे सगळे दर नव्याने मांडतं, त्यामुळे झालेल्या विक्रीचा खर्चही सुधारतो. हिशेब अचूक होतो, पण मागच्या महिन्याचा नफाही बदलतो. आणि तो महिना लेखापालाने कुलूपबंद केला असेल तर गाडी अडते. सॅपमध्ये चालत्या सरासरीने किंमत ठेवलेली असेल, तर जेवढा माल शिल्लक तेवढ्यापुरताच खर्च साठ्यात जातो, बाकीचा किंमत-फरकाच्या खात्यात. मला स्वतःला याहून पसंत आहे ती अंदाजाची पद्धत, जी सॅपमध्ये नियोजित वाहतूक खर्च म्हणून मिळते. खरेदीच्या ऑर्डरमध्येच भाडं, शुल्क आणि स्थानिक खर्चाचा अंदाज लिहायचा. माल आला की साठा पहिल्या दिवसापासून अंदाजे ३५७ च्या दराने उभा राहतो आणि तेवढीच रक्कम एका मधल्या खात्यात जमा राहते. खरं बिल आलं की ते त्याच खात्याला नावे पडतं. अंदाज पंचेचाळीस हजारांचा आणि बिल सत्तेचाळीसचं असेल, तर भांडण उरतं फक्त दोन हजारांचं.

हे मधलं खातंच सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे, मग प्रणाली कोणतीही असो. एजंटचं बिल ज्या खात्याला नावे टाकलं, त्याच खात्यातून व्हाउचरने रक्कम उचलली पाहिजे. कंटेनरमागे ते शून्यावर आलं तर सगळं बसलं. जमा शिल्लक राहिली तर एखादं बिल यायचं आहे किंवा अंदाज जास्त होता. नावे राहिली तर बिल आलं पण साठ्यात चढवायचं राहून गेलं. माल सीआयएफ अटीवर घेतलेला असताना, म्हणजे भाडं आणि विमा पुरवठादाराच्या किमतीतच असताना, सवयीने कुणी पुन्हा भाडं लावलं, तर तेही इथेच पकडलं जातं. कारण त्या भाड्याचं बिल कधीच येत नाही आणि जमा रक्कम महिनोन्‌महिने तशीच लोंबकळत राहते.

३१ मार्चला वाटणीचा हिशेब ताळेबंदात येतो. स्वस्त दिसणारे डबे भराभर विकले गेले आणि गोदामात सातशे ड्रिल संच आणि शंभर डबे उरले, असं समजा. किमतीवर वाटणी केलेल्या व्यापाऱ्याच्या साठ्यात प्रत्येक संचावर त्र्याण्णव रुपये जादा आहेत आणि प्रत्येक डब्यावर त्र्याण्णव कमी. फरक पंचावन्न हजार आठशे रुपयांचा. तेवढाच साठा फुगला, तेवढाच वर्षाचा नफाही फुगला आणि त्यावर आयकरही गेला. जागेवर वाटणी करणाऱ्याला उलट एक नकोशी नोंद करावी लागते. डबा पडला ३५७ ला आणि मिळतात ३३०; साठा किमतीपेक्षा जास्त दराने दाखवता येत नाही, म्हणून उरलेल्या शंभर डब्यांवर नगामागे सत्तावीस रुपये तरी तोटा आताच दाखवायचा.

पण पुढची ऑर्डर देताना त्याच्या हातात ऐंशी रुपये भाडं आणि चाळीस रुपये स्थानिक खर्च हे दोन आकडे सुटे असतात. एकशे वीस रुपये निव्वळ हवेचे. मग तो पुरवठादाराशी दोनशेच्या जागी एकशे नव्वद करा म्हणून घासत बसत नाही. झाकण वेगळं, एकात एक बसणाऱ्या पेट्या देता का, एवढंच विचारतो. तेवढ्याच जागेत तिप्पट पेट्या बसल्या तर भाडं आणि स्थानिक खर्च नगामागे चाळीस रुपयांवर येतात, आणि भिवंडीत झाकणं बसवायला दोन माणसं लावूनही डबा ३३० ला विकणं परवडतं.